मोड आलेल्या कडधान्यांचं आठवड्याचं गणित: दोन छोटे घाणे आणि मोडाच्या वयाप्रमाणे पदार्थ

प्रश्न: "दर रविवारी अर्धा किलो मटकी भिजवते. मंगळवारपर्यंत सलग उसळ होते आणि मुलं डबा तसाच परत आणतात. गुरुवारपर्यंत उरलेले मोड चिकट होऊन फेकावे लागतात. मुलांचे दोन, आमचे दोन असे चार डबे आणि संध्याकाळचं खाणं. रोज ताजे मोड मिळतील असं काही वेळापत्रक आहे का?"

अर्धा किलो मटकी म्हणजे आमटीच्या वाटीने चार वाट्या, आणि मोड आल्यावर त्याच्या जवळजवळ बारा वाट्या होतात. चार माणसांना पाच दिवसांत एवढे मोड संपवायचे तर उसळीशिवाय गत्यंतरच नाही. कंटाळा आणि नासाडी या दोन्हींचं मूळ त्या एका मोठ्या घाण्यात आहे. तो मोडून आठवड्यात दोन छोटे घाणे करा: शनिवारी रात्री दीड वाटी मूग, मंगळवारी रात्री सव्वा वाटी मटकी. दोन्ही मिळून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतात आणि चार डब्यांना पुरतात.

वेळेचा हिशोब डब्याच्या दिवसापासून उलटा करायचा. आज रात्री भिजवलं, उद्या सकाळी उपसून बांधलं, उद्या रात्री फ्रीजमध्ये ठेवलं, की परवा सकाळच्या डब्याला मोड तयार. मूग-मटकीला एरवी हे बरोबर बसतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे मोड यायला आणखी आठ-दहा तास लागतात, तेव्हा एक रात्र आधी भिजवा. बांधलेलं फडकं रात्रभर बंद ओव्हनमध्ये (चालू न करता) किंवा झाकणाच्या डब्यात ठेवलं तरी चालतं. हरभरे किंवा चवळी घ्यायची असेल तर त्यांना वर्षभरच एक दिवस जास्त धरा. हरभऱ्याला भिजायलाच बारा तास लागतात. कडव्या वालाला मात्र या वेळापत्रकात घेऊ नका. ते सोलण्याचं काम सुट्टीच्या दिवशीचं. आणि राजम्याला मोड आणून कच्चा किंवा अर्धाकच्चा कधीही खाऊ नका, तो पोटाला बाधतो. भिजवून, पूर्ण उकळवून, मऊ शिजवूनच खायचा.

आता भिजवण्याआधीची पाच मिनिटं, जी बहुतेक जण वाचवतात आणि नंतर भोगतात. कडधान्य ताटात पसरून फुटके, किडके, सुरकुतलेले दाणे काढून टाका. फुटक्या दाण्याला मोड येत नाही, पण भिजल्यावर त्याच्यातला पिठूळपणा पाण्यात उतरतो आणि त्यावर जंतू पोसतात. चांगल्या मोडांचा घाणा बहुतेक वेळा अशा चार-पाच मेलेल्या दाण्यांपासून बिघडायला लागतो. मग दोन-तीन पाण्याने धुऊन चौपट पाण्यात भिजवा. एप्रिल-मेमध्ये आठ तासांच्या वर ठेवू नका आणि मधे एकदा पाणी बदला. पाण्यावर फेस दिसला तर ते आंबायला लागलंय असं समजा.

सकाळी उपसल्यावर बोटांनी चाचपून गणंग दाणे वेचा. जे फुगलेले नाहीत आणि खड्यासारखे लागतात ते. उसळीत ते एखाद्या वेळी खपून जातात, पण वाफवलेल्या मुगात मुलाच्या दाताखाली आले की तो डबा पुन्हा उघडला जात नाही.

उपसलेले मूग चाळणीत घालून चाळणी तिरकी करून पंधरा मिनिटं ठेवा. हे निथळणं महत्त्वाचं. मोडाला ओल लागते, पाणी लागत नाही. तळाशी साठलेल्या चमचाभर पाण्यात खालचे दाणे गुदमरतात आणि तिथूनच वास सुटतो. मग ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैल बांधा. गच्च आवळलेली मोठी पुरचुंडी हे दुसरं कारण: मोड येताना दाणा स्वतः उष्णता सोडतो. बारा वाट्यांच्या गाठोड्यात दुपारी हात घालून बघा, मधला भाग बाहेरच्यापेक्षा गरम लागेल. त्या उबेत मोडांच्या आधी जंतूच वाढतात. दीड वाटीच्या पुरचुंडीत हा प्रश्न येतच नाही. फडक्याऐवजी चाळणीत दोन बोटं जाडीचा थर पसरून वर ओलं फडकं टाकलं तरी उत्तम. उन्हाळ्यात तर हेच करा आणि दुपारी एकदा गार पाण्याने धुऊन पुन्हा निथळा.

फडक्याबद्दल एक. दर घाण्यानंतर ते उकळत्या पाण्यात टाकून, कडक उन्हात वाळवून ठेवा. मागच्या खेपेचा आंबूसपणा त्यात राहिला तर नवे, चांगले मूगही बारा तासांत चिकट होतात आणि दोष दुकानदाराला मिळतो.

रात्री मोड कुठे थांबवायचे? मुगाचा मोड दाण्याएवढा, मटकीचा त्याहून थोडा कमी. फ्रीजमध्येही ते हळूहळू वाढतात, त्यामुळे पहिल्याच रात्री लांब झालेले मोड तिसऱ्या दिवशी एकमेकांत गुंतून मलूल पडतात, आणि मटकी तर तुरट लागते. फ्रीजमध्ये टाकण्याआधी धुऊ नका. कोरड्या पंचावर तासभर पंख्याखाली पसरा, दाण्यावरचं चकाकणारं पाणी गेलं पाहिजे. डब्याच्या तळाला कोरडा कापडी रुमाल, त्यावर मोड, वर झाकण किंचित उघडं. रुमाल दुसऱ्या दिवशी दमट लागला तर बदला. असे ठेवलेले मोड तीन दिवस चांगले राहतात, आणि आपल्याला तीनच दिवस हवे आहेत.

उसळीचा कंटाळा घालवायचा तर मोडांच्या वयाप्रमाणे पदार्थ ठरवा. पहिल्या दिवशी मोड कुरकुरीत आणि देखणे असतात, तेव्हा ते अख्खे दिसतील असं काही. दुसऱ्या दिवशी भातात किंवा पोह्यात. तिसऱ्या दिवशी वाटून, कारण मिक्सरमध्ये गेल्यावर मोड वाकडा होता की लांब, कोण बघतं.

तुमच्या चार डब्यांचा आठवडा असा. दीड वाटी मुगाचे साधारण साडेचार वाट्या मोड होतात. सोमवारी त्यातले दोन वाट्या वाफवा: इडलीपात्रात किंवा चाळणीत, पाण्याला उकळी आल्यावर पाच-सहा मिनिटं. दाणा बोटाने दाबला तर दबावा पण फुटू नये. लगेच ताटात पसरा, नाहीतर स्वतःच्याच वाफेवर शिजत राहतात आणि लगदा होतो. पूर्ण गार झाल्यावर हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, थोडा चाट मसाला, भाजलेले शेंगदाणे. मीठ अगदी कमी, आणि काकडी-टोमॅटो सकाळी मिसळूच नका; मीठ लागलं की त्यांना पाणी सुटतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत डब्यात आंबूस रस्सा तयार होतो. लिंबाची फोड वेगळी द्या.

मंगळवारी दीड वाटी मोड दीड वाटी तांदळाच्या मसालेभातात. तांदूळ परतल्यावर मोड घाला आणि नेहमीपेक्षा पाव वाटी पाणी कमी टाका, कारण मोडांत स्वतःचं पाणी असतं. याच रात्री मटकी भिजत घालायची आहे, हे फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा. अख्खं वेळापत्रक कोसळतं ते मंगळवारच्या विसरण्याने. बुधवारी उरलेली एक वाटी मूग, दोन मिरच्या, आल्याचा तुकडा वाटून त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ घाला, की सहा छोटी धिरडी होतात. सकाळीच वाटा. मोडांचं वाटण रात्रभर बाहेर ठेवलं तर आंबतं, आणि ते डोशाच्या पिठासारखं चांगलं आंबत नाही.

सव्वा वाटी मटकीचे सुमारे चार वाट्या मोड होतात. गुरुवारी अडीच वाट्यांची उसळ, आठवड्यातली एकमेव. ताज्या मटकीचीच उसळ चांगली लागते आणि आठवड्यातून एकदाच आली की मुलंही खातात. डब्यासाठी ती सुकी करा. उन्हाळ्यात वरून ओलं खोबरं घालू नका, ते मटकीच्या आधी विटतं. शुक्रवारी संध्याकाळी एक वाटी मटकी चमचाभर तेलावर हळद-मीठ घालून झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ काढा, दाणा आतपर्यंत गरम झाला की चुरमुरे, कांदा, फरसाण घालून भेळ. शनिवारी उरलेली अर्धी वाटी पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये जाडसर करून दोन वाट्या भाजणीत मळा, थालीपीठ. रात्री पुन्हा मूग भिजत. रविवारी मोडांना सुट्टी.

कच्चे मोड डब्यात देऊ नका, हे जरा ठामपणे सांगावंसं वाटतं. मोडांना लागते तीच ऊब आणि ओल जंतूंनाही लागते, आणि जंतू बियाच्या सालीतल्या चिरेत असले तर धुऊन जात नाहीत. 2011 मध्ये जर्मनीत कच्च्या मोडांमधून ई. कोलायची मोठी साथ आली होती, आणि तिचा माग मेथीच्या बियांपर्यंत गेला होता. घरी ताटात वाढून लगेच खाणं वेगळं, तरी लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर तिथेही वाफवूनच द्या. डबा चार-पाच तास दप्तरात उबेला असतो.

बिघडलेले ओळखायची खूण: चिमूटभर मोड दोन बोटांत चोळून बोटं हळूच दूर करा. बारीक तार सुटली की गेले. मोडाचं टोक तपकिरी आणि ओलसर, किंवा डबा उघडताच आंबट, कोंदट वास, तरी गेले. धुऊन, शिजवून वाचवायला जाऊ नका, कंपोस्टात टाका. नुसते मलूल, वास नाही, तार नाही, असे मोड मात्र टाकायचे नाहीत. ते धिरड्यात.

आठवड्यात पाहुणे किंवा सहल निघाली आणि घाणा उरणार असं दिसलं, तर दुसऱ्याच दिवशी वाफवून, गार करून, वाटीवाटीच्या पिशव्यांत फ्रीजरला टाका. पंधरा दिवस राहतात. कुरकुरीतपणा जातो, त्यामुळे ते मसालेभातात किंवा मिसळीतच वापरा.