लिलावाचा दिवस नाही, जाहिरातीचा दिवस धरा

प्रश्न : वकीलसाहेब, पाच वर्षांआधी घरासाठी बँकेकडून नऊ लाख घेतले. हप्ता ९,६७१ रुपये. ५ जूनपासून हप्ते थकले; कापूस निघाला की सगळं एकदम भरू, असं ठरवलं होतं. २५ ऑक्टोबरची साठ दिवसांची नोटीस आली, ती ठेवून दिली. आता १२ जानेवारीला बँकेचे लोक दारावर ताब्याची नोटीस चिकटवून गेले. घरात आम्हीच राहतो. लिलावाच्या दिवशी जाऊन पैसे भरले तर घर वाचेल काय? – एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : लिलावाच्या दिवसावर विसंबून राहू नका. सरफेसी, म्हणजे न्यायालयात न जाता तारण विकून कर्ज वसूल करू देणारा कायदा, त्याच्या कलम १३(८) नुसार कर्जाचं सगळं येणं आणि बँकेचा खर्च भरून घर सोडवून घ्यायचा तुमचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत पैसे भरता यायचे. २०१६ च्या दुरुस्तीने ती मुदत अलीकडे आणली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सूचना प्रसिद्ध झाली की हा हक्क संपतो, असं स्पष्ट सांगितलं. गावोगावी मात्र अजून जुनीच समजूत आहे. माणसं पैशाची जुळवाजुळव करतात आणि बँकेत पोचतात तेव्हा जाहिरात येऊन आठवडा झालेला असतो. त्यानंतर पैसे घ्यायचे की नाही, हे बँकेच्या मर्जीवर राहतं.

ताब्याची नोटीस आणि ही जाहिरात यांच्यामध्ये बँकेने अमुक दिवस थांबलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. बँक मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून घराची किंमत काढून घेते, राखीव किंमत ठरवते आणि सूचना काढते. पहिल्या लिलावासाठी ३० दिवसांची सूचना लागते, पण ते ३० दिवस बोली लावणाऱ्यांसाठी आहेत. घर सोडवायला वाढीव वेळ म्हणून ते मोजू नका. घरात तुम्हीच राहता, याचाही आधार धरू नका. दारावर लागला तो कागदोपत्री ताबा. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, त्याला महिने लागू शकतात. पण माणसं आत राहत असतानाही बँका ‘आहे त्या स्थितीत’ घर लिलावाला काढतात.

कापसाबद्दल स्पष्टच सांगतो, कारण अशी पत्रं विदर्भातून सारखी येतात. पीककर्ज हंगामावर मोजलं जातं. कापूस, सोयाबीनसारख्या पिकांचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं. घरकर्जाला हंगाम नसतो, तिथे ९० दिवस. तुमचा ५ जूनचा हप्ता राहिला आणि ३ सप्टेंबरच्या रात्री खातं एनपीएत गेलं. तेव्हा कापूस झाडावरच होता. दिवस सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतात. ऑगस्टअखेर एक हप्ता जरी भरला असता तरी तो जूनच्या खात्यात जमा झाला असता, मोजणी ५ जुलैवर सरकली असती आणि महिनाभर हाती आला असता. ९,६७१ रुपयांत जे थांबलं असतं, त्यासाठी आता आठ हप्त्यांचे सुमारे ७७,४०० आणि वर दंड लागेल. एनपीए झाल्यावर एक-दोन हप्त्यांनी खातं परत नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी चुकती व्हावी लागते.

साठ दिवसांची नोटीस कपाटात ठेवली, ही दुसरी मोठी चूक. त्या मुदतीत लेखी हरकत दिली असती, तर कलम १३(३अ) प्रमाणे १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेवर बंधनकारक होतं. हप्ते बांधून मागायची तीच वेळ होती. मुदत २४ डिसेंबरला संपली. तरी ती नोटीस आत्ता काढा. एनपीएची तारीख, मागितलेली रक्कम आणि मिळकतीचं वर्णन नीट वाचा. घराचा नमुना ८ शेजारी ठेवून मालमत्ता क्रमांक आणि चतु:सीमा ताडून पाहा. सहकर्जदार असतील तर त्यांनाही नोटीस मिळाली होती का, ते विचारा. घर शेतजमिनीवर असेल, तर शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागत नाही. पण नुसत्या सातबाऱ्यावर हा मुद्दा टिकत नाही, जमिनीचा प्रत्यक्ष वापर पाहतात. कागद पाहिल्याशिवाय त्यावर मी मत देणार नाही.

याच आठवड्यात शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात दोन आकडे मागा : आजची थकबाकी किती आणि आज खातं बंद करायचं तर किती. तुमच्या कर्जाचं मुद्दल अंदाजे सव्वासात ते साडेसात लाख उरलं असावं. कापसाचे पैसे हाताशी असतील तर थकबाकी पूर्ण भरून खातं नियमित करायचा प्रस्ताव द्या. बँकेने तो मानलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण जाहिरात निघण्याआधी मान्य होण्याची शक्यता बरीच असते. ‘पुढची कारवाई थांबवली’ असं लेखी मिळाल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. वसुलीवाल्याच्या हाती रोख देऊ नका. थोडे थोडे पैसे भरल्याने जाहिरात थांबत नाही. एकरकमी तडजोड हा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगून ठेवलं आहे.

घर विकूनच कर्ज फेडायचं ठरलं, तरी स्वतः विका. मात्र साठ दिवसांच्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री करता येत नाही, तेव्हा गिऱ्हाईक मिळताच संमतीचा अर्ज द्या. खेड्यातल्या घराला लिलावात बोली लावणारे मोजकेच असतात, आणि पहिला लिलाव रिकामा गेला की राखीव किंमत खाली येण्याचा धोका असतो.

बँकेच्या कारवाईत खरोखर दोष सापडला, तर कलम १७ खाली नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज करा. मुदत ४५ दिवसांची आहे. ती तुम्ही नोटीस वाचली त्या दिवसापासून नाही, १२ जानेवारीपासून धरा, म्हणजे २६ फेब्रुवारी. उशीर माफ होईल यावर भरवसा ठेवू नका. दहा लाखांच्या आतल्या कर्जाला दर लाखामागे किंवा लाखाच्या भागामागे ५०० रुपये फी आहे. बँकेची मागणी ७ लाख ८० हजार असेल तर ४,००० रुपये. अर्ज दाखल झाला म्हणजे लिलाव थांबला असं नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती बहुतेक वेळा काही रक्कम भरण्याच्या अटीवर मिळते. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा टाकू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. कलम ३४ ने तो रस्ता जवळजवळ बंद केला आहे, आणि तिथे पहिल्या दोन तारखा पडेपर्यंत तुमचा फेब्रुवारी निघून जाईल.

हे सगळं करूनही लिलाव झालाच, तर विक्रीतून बँकेचं येणं आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमची आहे. तिचा हिशेब लेखी मागा. बँक स्वतःहून तो देईल याची वाट पाहू नका. रक्कम कमी पडली, तर उरलेल्या येण्यासाठी बँक तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते, म्हणून जामीनदारालाही हे सगळं आत्ताच सांगून ठेवा.