तळपायाला कुरूप की चामखीळ?

प्रश्न: तळपायाला टाचेजवळ कडक गाठ झालीये, चालताना टोचते. कुरूप समजून ब्लेडने तासतोय, पण आता बाजूला आणखी दोन आल्यात. असं का?

उत्तर: बाजूला नव्या आल्या म्हणजे बहुधा चामखीळ असावी. कुरूप दाबाने होतं, ते असं पसरत नाही. चामखीळ एचपीव्ही विषाणूमुळे होते. तासताना रक्त आलं की विषाणू ब्लेडवरून शेजारच्या चिरांत जातो. तेच ब्लेड घरात दुसऱ्याने वापरलं तर त्यालाही होऊ शकते.

उजेडात नीट बघा. तळव्याच्या बारीक रेषा कुरुपावरून सरळ जातात, चामखिळीला मात्र वळसा घालतात. तिच्यात काळे ठिपकेही दिसतात. लोक त्याला ‘मूळ’ समजून सुईने कोरतात (हे तर मुळीच नको), पण ते केशवाहिन्यांतलं गोठलेलं रक्त असतं. दोन बोटांनी बाजूने चिमटा घेतल्यावर जास्त दुखलं तर चामखीळ, सरळ दाबल्यावर दुखलं तर बहुधा कुरूप.

तासणं आजच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध चामखिळीला अनेक आठवडे लावावं लागतं. मधुमेह असेल किंवा पाय बधिर असतील, तर तेही स्वतःहून लावू नका, जखम चिघळते.