स्प्लिट स्क्रीनमधला फोन कॉल

प्रश्न: फोनवर बोलणारे दोघं स्प्लिट स्क्रीनमध्ये सुटे-सुटे वाटतात. जोडलेले कसे वाटतील?

आधी एका बाजूचा अखंड टेक पक्का करा आणि त्याचाच आवाज दुसऱ्या नटाच्या कानात सोडून दुसरी बाजू शूट करा. दोन्ही चेहरे सतत दिसत असल्यामुळे चुकलेला श्वास किंवा उशिरा आलेलं उत्तर कट मारून लपवता येत नाही, हे एडिटिंग करताना कळतं. डावीकडच्याने उजवीकडे बघावं, उजवीकडच्याने डावीकडे. दोघांची डोळ्यांची रेषा एका उंचीवर हवी. समजा एका बाजूला ती आहे आणि दुसऱ्या बाजूला तो, तर तिच्या घरी कुकरची शिट्टी झाली की तो बोलता बोलता थांबू दे. शेवटी ती पडद्याच्या मधल्या रेषेकडच्या भिंतीला टेकते, क्षणभराने तोही टेकतो. मात्र अशी जुळणारी हालचाल एकदाच ठेवा, प्रत्येक वाक्याला केली तर कवायत वाटते.