चाळिशीत योगवर्ग लावावा की जिम?

«वय ४३, दिवसभर खुर्चीत बसून काम. कॉलेजात असताना योग शिकले होते, नंतर सुटलं. पैसे आणि वेळ एकाच गोष्टीसाठी आहेत. योगवर्ग लावू की जिम?»

पहिलं वर्ष जिम लावा. आसनं तुम्हाला येतात, ती घरी चटईवर करता येतील. उचलायला दर थोड्या दिवसांनी वाढत जाणारं वजन घरी आणता येत नाही. मी आता ४८ वर्षांची आहे, हिशेब विभागात २२ वर्षं खुर्चीत बसून काढलीत, आणि याच प्रश्नाचं उत्तर मी स्वतः उलट दिलं होतं. त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

सहा वर्षं मी सकाळी साडेसहाचा योगवर्ग चुकवला नाही. पश्चिमोत्तानासन हे माझं आवडतं, कपाळ गुडघ्याला लागायचं आणि मला त्याचा जरा गर्वच होता. मग ४२ व्या वर्षी उजव्या कुल्ल्याखाली, खुर्चीवर बसताना टेकतं ना ते हाड, नेमकं तिथे दुखायला लागलं. लोकलमध्ये बसलं की दुखे, उभी राहिले की बरं वाटे. कुणीतरी म्हणालं सायटिका असेल, स्नायू आखडलेत, ताण द्या. मी इमानदारीनं रोज आणखी दहा मिनिटं पुढे वाकायला लागले. तीन महिन्यांत जिना चढतानाही कळ यायला लागली.

फिजिओकडे गेले तर तिनं आधी एक बोट ठेवून जागा दाखवायला सांगितली. मला ती बरोब्बर दाखवता आली, आणि तिथेच तिला अर्धं उत्तर मिळालं. सायटिकाचं दुखणं मांडीमागून गुडघ्याखाली उतरतं, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. माझं दुखणं एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत होतं. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू ज्या कंडऱ्यानं बैठकीच्या हाडाला चिकटलेला असतो, तो कंडरा चिडला होता. पाय सरळ ठेवून पुढे वाकलं की तो ताणला जातो आणि हाडावर दाबलाही जातो. दिवसभर बसल्यावर तोच पुन्हा दाबला जातो. म्हणजे सकाळी मी त्याला चटईवर रगडत होते आणि दिवसभर खुर्चीवर. आणि रोज एवढा ताणलेला तो स्नायू कमजोर होता, कारण त्याला कधी काही उचलायलाच लागलं नव्हतं.

उपाय ऐकून मी चकित झाले: ताण बंद, वजन सुरू. आधी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची आणि अर्धा मिनिट तशीच धरायची, पाच वेळा. मग तेच एका पायावर. सहा आठवड्यांनी स्टुलावर ठेवलेलं ५ किलोचं केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून उचलायचं. नियम एकच होता. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीइतकंच असायला हवं. वाढलं असेल तर मागच्या वजनावर परत. ५ चे १२ झाले, १२ चे २०, आणि नऊ महिन्यांनी मी तसंच कमरेतून वाकून ३५ किलो उचलत होते, त्यालाच डेडलिफ्ट म्हणतात. खुर्चीतली कळ पाचव्या महिन्याच्या सुमारास गेली होती.

यात योगाचा दोष नव्हता, मी तो अर्धवट वापरला हा दोष होता. पण त्या निमित्तानं एक गोष्ट कळली जी वर्गात कुणी बोलत नाही. आसनांमध्ये वजन म्हणजे तुमचं शरीर, आणि ते रोज तेवढंच असतं. १२ सूर्यनमस्कारांचे २४ केले की दम वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. शिवाय सूर्यनमस्कारात हातांनी जमीन ढकलायची असते. स्वतःकडे काही ओढायचं जवळपास कुठेच नसतं. पुण्याला अय्यंगार पद्धतीच्या वर्गात भिंतीला दोर असतात, पण ते मुख्यतः आधाराला आणि लटकायला. आपलं काम कीबोर्डवर खांदे पुढे काढून बसण्याचं. पाठीच्या वरच्या भागाला ओढण्याचं काम दिल्याशिवाय ते खांदे मागे येत नाहीत, कितीही भुजंगासन केलं तरी.

आणि हे नेमकं आत्ताच का, तर आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. त्याच्या आगेमागे इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडं झपाट्यानं विरळ होतात, स्नायू तर तिशीपासूनच हळूहळू कमी होत असतात. हाडाला त्याच्या सवयीपेक्षा जास्त भार मिळाला तरच ते दाद देतं. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलायला लावली होती. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढलेली निघाली. २०१८ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. त्यातला «देखरेखीखाली» हा शब्द सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनाही २०१० पासून चालण्याबिलण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते.

आता जिमची गंमत. मी पहिल्यांदा जिथे गेले तिथला ट्रेनर मला बघून म्हणाला, «मॅडम, वजन कमी करायचंय ना? मग ४० मिनिटं ट्रेडमिल, नंतर हलकं हलकं टोनिंग.» टोनिंग म्हणजे २ किलोची गुलाबी डंबेल्स, २५-२५ वेळा. चार महिने झाले तरी डंबेल्स गुलाबीच. माझी भाजीची पिशवी त्याहून जड असते! असं जिम योगवर्गापेक्षा वाईट, कारण इथे तुम्ही पैसेही जास्त देता. उचलायचं वजन वाढत नसेल तर तुम्ही जिमला जाताय एवढंच, व्यायाम तोच.

दुसऱ्या जिममध्ये मी सांगून टाकलं की मला पाचच गोष्टी शिकवा. खुर्चीवर टेकून उठण्याचा स्क्वॉट, पुढे छातीशी डंबेल धरून. डेडलिफ्ट. बसून केबल ओढायची रो. पुशअप्स, पण आधी भिंतीला, मग टेबलाएवढ्या उंचीच्या बारला, मग बेंचला. आणि शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन सरळ चालणं, जे आपण मंडईतून येताना करतोच, फक्त इथे दोन्ही बाजूंना सारखं. प्रत्येकाचे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं बसायचं. मंगळवार आणि शुक्रवार, ४५ मिनिटं.

वजन कधी वाढवायचं हे वहीशिवाय कळत नाही. माझा स्क्वॉट सांगते. पहिल्या आठवड्यात ४ किलो घेऊन तीन सेटमध्ये ८, ८, ७ वेळा उठले. दुसऱ्यात ९, ८, ८. पाचव्या आठवड्यात तिन्ही सेट १२ वर पोचले, आणि बारावा करूनही आणखी दोन निघाले असते असं वाटलं. त्या दिवशी वहीत «६» लिहिलं आणि पुढच्या खेपेला ६ किलोवर पुन्हा ८ पासून सुरुवात. शेवटचे दोन-तीन उठताना वेग आपोआप मंदावला पाहिजे. बारावा उठताना तुम्ही शेजारणीशी गप्पा मारू शकत असाल तर वजन हलकं आहे. उलट पाठ गोल होत असेल किंवा श्वास कोंडून जोर लावावा लागत असेल तर जड आहे. बाळंतपणं झालेल्या बायकांनी हे जास्त बघावं: उचलताना श्वास सोडायचा, खाली दाब द्यायचा नाही. लघवीचे थेंब येत असतील तर लाजून जिम सोडू नका, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बघणाऱ्या फिजिओला दाखवा. ते सुधारतं.

सुरू करण्याआधी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. चाळिशीत पाळीत अंगावरून जास्त जाणं फार दिसतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची एक जण दोन महिने «मला जिम झेपत नाही» म्हणत होती. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. तिला आधी लोहाची गरज होती. खाण्याचंही तसंच. ६० किलोच्या बाईला दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि आमटीच्या एका वाटीत जेमतेम सहा-सात ग्रॅम असतं, पातळ असेल तर त्याहून कमी. मी सकाळी दोन अंडी आणि संध्याकाळी ५० ग्रॅम सोयाचंक्स वाढवले, तेवढ्यानं फरक पडला. अंडी खात नसाल तर पनीर आणि घट्ट दही.

योग सोडा असं मी म्हणत नाहीये. बाकीच्या सकाळी घरी १५-२० मिनिटं: वृक्षासनात तोल, सेतुबंध, पाठीला पीळ, शेवटी शवासन. झोपेसाठी मला आजही शवासन आणि सावकाश श्वासासारखं काही सापडलेलं नाही, जिमनं ते दिलं नाही. तुमची झोपच उडालेली असेल, छातीत धडधड होत असेल, तर पहिले दोन-तीन महिने उलट क्रम घ्या, आधी योग. मात्र मानेचा त्रास, काचबिंदू किंवा रक्तदाब असेल तर सर्वांगासन-शीर्षासन नको, आणि हाडं विरळ असल्याचं कळलं असेल तर पाठ गोल करून पुढे वाकणं नको. तशा वाकण्यात मणका चेपल्याची उदाहरणं आहेत. आणि हो, यातलं काहीही केलं तरी नऊ तासांची खुर्ची माफ होत नाही. मी पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवते, दर तासाला उठावं लागतं.

जिम निवडताना तुम्ही ज्या वेळी जाणार त्याच वेळी एकदा नुसतं जाऊन बघा. वजनांच्या भागात बायका दिसतात की सगळ्या ट्रेडमिलवर, आणि बारला लावायच्या सव्वा किलोच्या छोट्या चकत्या आहेत का. त्या नसल्या की प्रत्येक वेळी पाच-पाच किलोची उडी मारावी लागते, आणि आपलं अडतं तिथेच.

पश्चिमोत्तानासन मी अजून करते. खाली घडी घातलेलं ब्लँकेट, गुडघे थोडे वाकवलेले. कपाळ आता गुडघ्यापासून वीतभर लांब राहतं.