पाहुण्यांनी भरलेल्या घरात तिसऱ्या दिवशी डोकं का फिरतं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे, सगळं आमच्याच घरून. दोन खोल्या, एक बाथरूम, पाच दिवस नऊ पाहुणे. गेल्या सणाला असंच घर भरलं होतं तेव्हा तिसऱ्या दिवशी मी एका काकूंवर सगळ्यांसमोर ओरडले. शिवाय लग्नाला चार वर्षं झाली म्हणून ‘गोड बातमी कधी?’ हे प्रत्येक जण विचारतो. या वेळी काय करू?

उत्तर:

तुम्ही ‘तिसऱ्या दिवशी’ लिहिलंत तिथेच मी थांबले. मी समुपदेशक आहे, आणि सणावारानंतर किंवा घरातल्या लग्नानंतर माझ्याकडे जे येतात त्यांच्या बोलण्यात हा तिसरा-चौथा दिवस नेहमी असतो. पहिल्या दिवशी उत्साह असतो, दुसरा दिवस कामात जातो आणि तिसऱ्या दिवशी एखाद्या साध्या वाक्यावर बांध फुटतो. मग सगळे त्या वाक्याबद्दल बोलत राहतात. त्याआधीच्या दोन रात्रींबद्दल कोणी विचारत नाही.

म्हणून मी रात्रीपासून सुरुवात करते. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात काही जणांना चौदा दिवस रोज सहा तास किंवा चारच तास झोपू दिलं होतं. त्यांचं लक्ष दिवसागणिक घसरत गेलं, पण झोप किती येतेय असं विचारल्यावर ते सुरुवातीचे काही दिवस सोडले तर जवळपास तेच उत्तर देत राहिले. म्हणजे आपण थकत चाललोय हे ज्याचं त्याला कळत नाही. घरातली बाई रात्री सगळ्यात शेवटी आडवी होते आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठते. तिसऱ्या दिवशी तिला वाटतं की काकूच असं बोलल्या. काकू कदाचित पहिल्या दिवशीही तेच बोलल्या असतील, पण तेव्हा तुम्ही हसून सोडून दिलं असेल.

पाहुण्यांचंही तसंच असतं बरं का. नव्या जागी पहिल्या रात्री आपल्या मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा कमी गाढ झोपतो, हे २०१६ मध्ये प्रयोगातून दिसलं. परक्या अंथरुणावर जरा खुट्ट झालं की जाग येते ती त्यामुळे. म्हणजे तुमच्या घरात अकरा-बारा अर्धवट झोपलेली माणसं एकाच बाथरूमपुढे उभी असणार आहेत.

आता माझ्या घरचंच सांगते. धाकट्या दिरांचं लग्न होतं तेव्हा आम्ही धरून अकरा माणसं, दोन खोल्या आणि बाथरूम एक. लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला निघायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी कागदावर हिशोब मांडला. माणशी पंधरा मिनिटं धरली तरी अकरा जणांना पावणेतीन तास लागणार, म्हणजे पहिली अंघोळ सव्वासहाला सुरू झाली पाहिजे आणि मध्ये एकही खंड पडता कामा नये. तसं कधी होत नाही. मग चार जणांना रात्रीच अंघोळ उरकायला सांगितलं. सकाळचे उरले सात, त्यांना पावणेदोन तास, आणि वर अर्धा तास मोकळा. मोठ्या नणंदेने ती यादी बाथरूमच्या दारावर चिकटवली. त्या सकाळी ‘अजून किती वेळ?’ असा आवाज एकदाही आला नाही. दार वाजलं नाही की अर्धी भांडणं तिथेच मिटतात, हा माझा अनुभव आहे.

झोपण्याची जागाही तशीच आधी ठरवा. जे लवकर झोपतात ते आतल्या खोलीत, गप्पा मारणारे बाहेरच्या. तुमचं स्वतःचं अंथरूण स्वयंपाकघराच्या वाटेवर मुळीच टाकू नका. त्या वाटेवर जो झोपतो त्याला पाणी प्यायला उठणारा प्रत्येक माणूस ओलांडून जातो. सकाळी पहिलं भांडं वाजलं की उठून बसणारीही तुम्हीच असता. पाच रात्रींत निदान दोन रात्री तुम्हाला सलग सात तास मिळतील अशी जागा हवी. शेजारणीकडे झोपायला जावं लागलं तरी चालेल. लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील.

यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी साठच्या दशकाच्या अखेरीस गोंगाटावर प्रयोग केले. लोकांना कर्कश, कधीही सुरू होणारा आवाज ऐकवला. त्यातल्या काहींच्या हाताशी एक बटण दिलं आणि सांगितलं की हे दाबलंत तर आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलं नाही, म्हणजे आवाज दोन्ही गटांनी तितकाच ऐकला. तरीही नंतर न सुटणारी कोडी दिली तेव्हा बटण असलेले लोक कितीतरी जास्त वेळ चिकाटीने बसले, आणि मुद्रितं तपासताना त्यांच्याकडून चुका कमी सुटल्या. माणसाला थकवतो तो निव्वळ आवाज नसतो, आपल्याला हे थांबवता येणार नाही ही भावना असते. भरलेल्या घराचंही मी असंच पाहिलं आहे. तीच नऊ माणसं, पण हवं तेव्हा अर्धा तास बाहेर पडता येतं हे पक्कं माहीत असलेली बाई वेगळी वागते.

तेव्हा असं एक बटण तुम्हाला पाहुणे यायच्या आधी करून ठेवावं लागेल. मी आणि माझ्या नवऱ्याने एक वाक्य ठरवलं होतं: ‘मी गच्चीवरचे कपडे बघून येते.’ हे ऐकलं की ते काहीही हातात असलं तरी सोडून आत यायचे आणि पुढचा अर्धा तास घर त्यांचं. पहिल्याच दिवशी एक गडबड झाली. माझ्यामागे दोन मावश्या गच्चीवर आल्या, गप्पा मारायला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं की मागे कोणी निघालं तर ते त्याला काहीतरी विचारून खाली थांबवून घेतील. चार दिवसांत मी ते वाक्य दोनदाच वापरलं. बाकी वेळ ते आहे एवढ्यावरच निभावलं.

नवऱ्याच्या मदतीबद्दल एक सांगते, कारण बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. ‘तू सांग, मी करतो’ असं म्हणणारा नवरा मनापासून म्हणतो, पण काय करायचं हे आठवणं, सांगणं आणि झालं का ते पाहणं हेच सगळ्यात दमवणारं काम असतं आणि ते तुमच्याकडेच राहतं. त्यामुळे काम तोडून देऊ नका, अख्खं द्या. उदाहरणार्थ अंथरुणं: किती लागतील ते मोजणं, शेजारून मागून आणणं, रात्री घालणं, सकाळी काढणं आणि शेवटी ज्याची त्याला परत करणं, हे सगळं त्यांचं. तुम्ही एकही चादर मोजायची नाही. त्यांनी ‘आता पुढे काय करू?’ असं विचारलं की समजा, ते काम अजून तुमच्याच डोक्यावर आहे. पहिल्या रात्री एखाद्याला उशी कमी पडेल, तेव्हाही उठू नका.

आता ‘गोड बातमी’. हा प्रश्न टोचतो कारण तो चारचौघांत येतो आणि उत्तराची वाट सगळेच पाहत असतात. आपण गोंधळून कारण देतो, आणि कारण दिलं की फसलो. ‘सध्या नोकरीत धावपळ आहे’ म्हटलं की ‘नोकरी काय सगळ्याच करतात’ येतं. ‘घर लहान आहे’ म्हटलं की ‘आम्ही एका खोलीत तीन वाढवले’ येतं. प्रत्येक कारणाला उत्तर असतं, आणि प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघतो. म्हणून कारण नसलेलं एकच वाक्य ठरवा. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने हे ठरवलं होतं: ‘काकू, सांगण्यासारखं असेल तेव्हा आम्ही दोघं मिळून सांगू.’ दुसऱ्यांदा विचारलं तरी हेच वाक्य, त्याच आवाजात, शब्द न बदलता. तिसऱ्यांदा विचारलं तरी हेच. नवीन काही हाती लागत नाही म्हटल्यावर विचारणारा दुसरीकडे वळतो. तिच्या एक आत्या चार वेळा विचारून थांबल्या, म्हणजे धीर धरावा लागतो.

हे वाक्य नवऱ्याने बोलणं जास्त बरं, कारण माणसं त्यांच्या नात्यातली आहेत. सुनेने म्हटलं की तो उद्धटपणा ठरतो, तेच घरच्या मुलाने म्हटलं की विषय संपतो. हे अन्यायाचं आहे, मला त्याचा राग येतो, पण पाच दिवसांत ते बदलणार नाही आणि तुम्हाला या पाच दिवसांसाठी आधार हवा आहे. सासूबाईंशी मात्र नवऱ्याने पाहुणे यायच्या आठवडाभर आधी, एकट्यात बोलावं: ‘आई, या विषयावर लग्नघरात तिला कोणी विचारलं तर तू विषय बदल.’ घरातली मोठी बाई एकदा ‘जाऊ दे गं, आज लग्नाचं बघू’ म्हणाली की पुढचे चार जण विचारतच नाहीत.

तुमच्या या प्रश्नामागे उपचार चालू असतील, गर्भपाताचं दुःख असेल, किंवा तुम्हा दोघांचंच अजून ठरत नसेल, तर ठरलेलं वाक्य म्हणूनही आत कालवाकालव होणारच. अशा वेळी एका माणसाला खरं माहीत असू द्या. सगळ्यांना नको, एकाला. लग्नाच्या दिवशी नुसतं तुमच्या शेजारी येऊन बसेल असं कोणीतरी.

ज्या काकूंवर ओरडलात त्यांना या वेळी लग्नघरात पहिल्यांदा भेटू नका. त्याआधी फोन करा. ‘त्या दिवशी मी फार थकले होते, आवाज चढायला नको होता’, एवढंच म्हणा. त्या काय बोलल्या होत्या ते काढू नका. नाहीतर नजर चुकवण्यातच तुमचा पहिला दिवस जाईल.

पाहुणे गेल्यावर दोन-तीन दिवस रिकामं, उदास वाटणं साहजिक आहे. पण दोन आठवडे उलटूनही झोप येत नसेल, रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो लग्नाचा थकवा धरून बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आज रात्री नवऱ्याला हे वाचायला द्या, आणि ‘गोड बातमी’चं वाक्य दोघांनी एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यांदा आवाज कापतो. तो घरीच कापून जाऊ दे.