'अनंत लांबीच्या' तारा की नुसत्या 'लांब'?

प्रश्न: अँपिअरच्या व्याख्येत कुठे 'अनंत लांबीच्या समांतर तारा' असं लिहितात, तर कुठे नुसतं 'लांब'. बरोबर काय? आणि अनंत लांबीची तार आणायची कुठून?

दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण आपापल्या जागी. तारांमधल्या बलाचं सूत्र वापरताना 'लांब' पुरतं. व्याख्या लिहिताना मात्र 'अनंत'च लिहायला हवं.

विद्युतधारा वाहणाऱ्या तारेचा प्रत्येक तुकडा समोरच्या बिंदूपाशी थोडं थोडं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. जवळच्या तुकड्याचा वाटा मोठा, दूरच्याचा लहान, पण शून्य कुणाचाच नाही. त्यामुळे तार कुठेही तोडली तरी क्षेत्र किंचित घटतंच. तारेपासून 1 मीटरवर, तिच्या मध्यासमोर पाहू. तार 2 मीटरची असेल तर अनंत तारेच्या क्षेत्राच्या 71 टक्केच क्षेत्र मिळतं. तार 20 मीटरची केली तर 99.5 टक्के, 200 मीटरची केली तर 99.995 टक्के. आता अंतर 1 सेंटिमीटरवर आणा, मग 1 मीटरची तारही 99.98 टक्क्यांपर्यंत पोचते. म्हणजे इथे 'लांब' याचा अर्थ 'अंतराच्या कितीतरी पट लांब' असा घ्यायचा, अमुक इतके मीटर असा नाही.

पण एककाची व्याख्या 'जवळजवळ' असून चालत नाही. म्हणून 1948 साली स्वीकारलेल्या व्याख्येत प्रत्येक शब्द मोजून घातला होता: निर्वातात एकमेकींपासून 1 मीटरवर असलेल्या, अनंत लांबीच्या आणि नगण्य वर्तुळाकार काटछेदाच्या दोन सरळ समांतर वाहकांतून जी स्थिर धारा वाहिली असता त्यांच्यात दर मीटर लांबीला 2×10⁻⁷ न्यूटन बल निर्माण होईल, ती धारा 1 अँपिअर. 'निर्माण होईल' हे क्रियापद नीट पाहा. अशा तारा कुणी टाकाव्यात अशी अपेक्षाच नव्हती.

हा 2×10⁻⁷ आकडा मनाला येईल तसा निवडलेला नाही. अँपिअर त्याआधीच वापरात होता, सीजीएस पद्धतीतल्या विद्युतचुंबकीय धारा-एककाचा दहावा भाग म्हणून. त्या पद्धतीत 1 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन तारांतून एकेक एकक धारा गेली, तर दर सेंटिमीटरला 2 डाइन बल येतं. दोन्ही धारा 0.1 केल्या आणि अंतर 100 सेंटिमीटर केलं, की बल उरतं दर सेंटिमीटरला 2×10⁻⁴ डाइन, म्हणजे दर मीटरला 2×10⁻² डाइन. न्यूटनमध्ये हे बरोबर 2×10⁻⁷. जुना अँपिअर बदलू नये म्हणून हा आकडा तसाच ठेवला.

हे बल किती बारीक? सुमारे 0.02 मिलिग्रॅमच्या वजनाएवढं. म्हणून प्रयोगात तारा जवळ आणतात आणि धारा वाढवतात. समजा 30 सेंटिमीटरच्या दोन कांड्या एकीवर एक, 5 मिलिमीटर अंतरावर आहेत. खालची संवेदनशील तराजूवर, वरची पक्की बसवलेली, आणि दोघींतून 10 अँपिअर उलट दिशांना. उलट धारा एकमेकींना ढकलतात, म्हणून तराजूवरचं वजन वाढतं. धारा I, कांडीची लांबी L, अंतर d आणि निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक μ₀ धरला तर:

F = μ₀I²L/2πd = 1.2×10⁻³ न्यूटन

हे झाले सुमारे 122 मिलिग्रॅम. कांड्या अनंत नसल्याने प्रत्यक्षात अपेक्षा 120 च्या आसपास ठेवायची. इथे 'अंतर' या शब्दानेही गोंधळ होतो. ते अक्षापासून अक्षापर्यंत मोजायचं. कांड्या 2 मिलिमीटर जाडीच्या असतील तर मधली फट 3 मिलिमीटरच असते, आणि तीच सूत्रात घातली तर उत्तर दीडपटीहून जास्त येतं.

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. कांडी पूर्व-पश्चिम असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक (सुमारे 4×10⁻⁵ टेस्ला धरू) तिला एकटाच 12 मिलिग्रॅमइतकं वर किंवा खाली ओढतो, म्हणजे मोजायच्या बलाचा दहावा हिस्सा! ओळखायचं कसं? दोन्ही धारा एकाच वेळी उलटवा. कांड्यांमधलं बल तेच राहतं, पृथ्वीमुळे आलेलं मात्र दिशा बदलतं. दोन वाचनांची सरासरी घेतली की ते निघून जातं.

आता लिहिताना एक काळजी घ्या. 20 मे 2019 पासून ही अँपिअरची व्याख्या राहिलेली नाही. आता इलेक्ट्रॉनवरच्या विद्युतप्रभाराचं मूल्य 1.602176634×10⁻¹⁹ कूलोम असं पक्कं ठरवलं आहे आणि अँपिअर त्यावरून येतो. पूर्वी μ₀ बरोबर 4π×10⁻⁷ होता, आता तो मोजून काढावा लागतो, आणि त्याचं मूल्य जुन्याच्या इतकं जवळ आहे की वरच्या हिशोबात काहीच फरक पडत नाही. तेव्हा तारांमधल्या बलाचं वाक्य 'अँपिअरची 2019 पूर्वीची व्याख्या' म्हणून द्यावं, तेही 'अनंत लांबीच्या' या शब्दांसकट. 'लांब' हा शब्द सूत्रासोबत ठेवावा.