एफडी मोडण्याआधी दोन खोकी उघडा

प्रश्न: मी कोथरूडला राहते. क्रोशाची तोरणं, टेबलावरचे रुमाल, बाळाची टोपडी-मोजे, छोटी खेळणी आणि की-चेन करते. गेल्या वर्षी शनिवार-रविवारची तीन प्रदर्शनं केली. मे महिन्यात 7,800, गणपतीआधी 12,400 आणि दिवाळीआधी 21,200 रुपयांची विक्री झाली. टेबलाचं भाडं दर वेळी 4,500, आणि वर्षभरात लोकर-दोरा 22,000चा आणला. म्हणजे 5,900 सुटले. दोन खोकी माल शिल्लक आहे. आता एक आयोजक सहा प्रदर्शनं मिळून 27,000ला देतोय. एकेक घेतलं तर 5,500 पडतात. पैसे आगाऊ द्यायचे. 1 लाखाची एफडी मोडून हे घ्यावं आणि उरलेल्या 73,000मध्ये लोकर आणून दोघींकडून नगावर विणून घ्यावं, असं मनात आहे. अडीअडचणीला तेवढीच एफडी आहे, बचत खात्यात 20,000 आहेत. मोडू का?

उत्तर: नको. तुमच्या मालाला गिऱ्हाईक आहे, दिवाळीच्या आकड्यावरून ते दिसतंच. पण 5,900 सुटले हा हिशेब चुकला आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकला आहे. म्हणून आधी तो नीट करू.

रिक्षा, दोन दिवसांचा चहा-जेवण, पिशव्या आणि किमतीची लेबलं यांचा खर्च तुम्ही धरलेला नाही. एका प्रदर्शनाला हे 1,200 धरले तर तिन्ही मिळून 3,600 होतात आणि हातात खरे 2,300च उरतात. दुसरीकडे, 22,000चा सगळा धागा विकलेल्या मालात गेलेला नाही. क्रोशाच्या वस्तूत विक्रीच्या किमतीचा साधारण पाव भाग सामानाचा असतो. त्या प्रमाणात 41,400च्या विक्रीत 10,350चा धागा गेला. उरलेला 11,650चा धागा घरीच आहे, काही विणलेल्या मालाच्या रूपात आणि काही गुंड्यांच्या रूपात. तो सगळा माल पुढे पूर्ण किमतीला गेला, तर गेल्या वर्षीचा नफा 13,950 ठरतो. त्यातलं काहीच गेलं नाही, तर तो 2,300च. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तो त्या दोन खोक्यांतच सापडेल.

पाव भाग हा मी धरलेला अंदाज आहे. तुमचा स्वतःचा आकडा काढायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. तयार तोरण काट्यावर ठेवा. समजा 180 ग्रॅम भरलं आणि 100 ग्रॅमचा गुंडा 100 रुपयांचा असेल, तर धागा 180 रुपयांचा. त्यात मणी-घुंगरांचे, आणि खेळण्यांसाठी आत भरायच्या कापसाचे व डोळ्यांचे पैसे मिळवा. तुटका-उरलेला धागा म्हणून दहा टक्के वर धरा. प्रत्येक प्रकाराचा एकेक नग असा तोलला की तासाभरात काम होतं.

आता खोकी. एखाद्या रविवारी सगळा माल सतरंजीवर मांडा आणि तीन ढीग करा. पहिल्या ढिगात आहे तसाच, पूर्ण किमतीला जाईल असा माल ठेवा: ठरावीक मापाची तोरणं, की-चेन, नेहमी मागितल्या जाणाऱ्या रंगांची खेळणी. दुसऱ्यात किंमत उतरवली तर जाईल असा माल. बाळाची टोपडी-मोजे बहुधा इथेच येतील, कारण पुण्यात त्यांचा हंगाम थंडीचे दोन-अडीच महिनेच असतो आणि अगदी लहान माप फार थोड्यांना बसतं. तिसऱ्यात न खपणारा माल: उन्हाने रंग उतरलेले रुमाल, गिऱ्हाइकांनी हाताळून गाठी-गुठळ्या आलेली अ‍ॅक्रिलिकची खेळणी, पावसाळ्यात कुबट वास धरलेला सुती माल.

पहिला ढीग सामानाच्या खर्चाला धरा. विकायच्या किमतीला धरू नका, तो पैसा अजून आलेला नाही. दुसऱ्या ढिगातल्या नगाला सामानाचा खर्च किंवा उतरवलेली किंमत, यांतला जो आकडा कमी तो लावा. तिसरा ढीग शून्य. त्यातला सुती, सैल टाक्यांचा रुमाल उसवून धागा परत वापरता येतो. घट्ट विणून आत कापूस भरलेलं खेळणं उसवण्यात वेळ घालवू नका, हाती आखूड तुकडेच येतात. न वापरलेले अख्खे गुंडे खरेदीच्या भावाने धरा. अर्धवट गुंड्यांच्या लेबलवरचा लॉट नंबर मात्र बघा. त्याच रंगाचा पण दुसऱ्या लॉटचा धागा मोठ्या वस्तूत जोडला की पट्टा वेगळा दिसतो, म्हणून असे गुंडे की-चेनपुरतेच मोजा.

हे झालं की बेरीज 2,300मध्ये मिळवा. तोच तुमचा गेल्या वर्षीचा नफा. त्यात तुमच्या विणण्याच्या तासांची मजुरी अजून धरलेली नाही, हे लक्षात असू द्या.

आता पॅकेजचं. टेबलाचे 4,500 आणि वरखर्चाचे 1,200 असे एका प्रदर्शनाला 5,700 जातात, माल विकला जावो वा न जावो. तुम्ही स्वतः विणलेल्या मालात 100 रुपयांच्या विक्रीतून धागा जाऊन 75 उरतात. म्हणजे 7,600ची विक्री झाली की फक्त खर्च भरून निघतो. मे महिन्यात तुम्ही 7,800 विकलेत. दोन दिवस उभं राहून 150 रुपये मिळाले.

दुसऱ्यांकडून विणून घेतलं की गणित पालटतं. नगाची मजुरी किमतीच्या 30 टक्के धरू. तेवढीही दिली नाही तर चांगला हात टिकणार नाही. 100मधून 25 धाग्याचे आणि 30 मजुरीचे गेले की 45 उरतात, आणि खर्च भरून निघायला 12,700च्या आसपास विक्री लागते. तुमची तीन प्रदर्शनांची सरासरी 13,800 आहे. म्हणजे सरासरी धंदा झाला तरी एका प्रदर्शनामागे जेमतेम 500 रुपये.

मला त्याहून मोठी काळजी शिलकीची आहे. स्वतः विणलेलं तोरण विकलं गेलं नाही तर त्यात धाग्याचे पैसे अडकतात. मजुरी देऊन विणलेलं पडून राहिलं तर दुपटीहून जास्त रोकड अडकते, कारण विणणारीला पैसे त्याच आठवड्यात द्यावे लागतात. 73,000 या पद्धतीने लावले तर विकायच्या किमतीने सुमारे 1,32,700चा माल तयार होईल. सहाही प्रदर्शनं सरासरीने गेली असं मानलं तरी विक्री 82,800. तुमचे पॅकेज, माल आणि वरखर्च मिळून 1,07,200 बाहेर गेलेले असतील. 24,400 रुपये कमी, आणि घरात जवळजवळ 50,000च्या किमतीचा नवा माल, आधीची दोन खोकी वेगळीच. हा तोटा म्हणता येणार नाही कदाचित, पण त्या वेळी घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर तोरणं देऊन बिल भरता येत नाही. एफडी त्यासाठीच ठेवली आहे ना?

6,000ची सवलतही तपासून बघा. सहा तारखा कॅलेंडरवर मांडा. त्यातली एखादी पितृपक्षात येते का, एखादी जून-जुलैच्या पावसात, एखादी शाळा उघडायच्या आठवड्यात जेव्हा घरांत वह्या-पुस्तकांचा खर्च चालू असतो? समजा तीनच तारखा चांगल्या निघाल्या. त्या सुट्या घेतल्या तर 16,500 पडतील. म्हणजे उरलेल्या तीन कमकुवत तारखांसाठी तुम्ही 10,500 आणि वरखर्चाचे 3,600 मोजताय, एकीला 4,700. मे महिन्याइतकी विक्री झाली तर स्वतःच्या हातच्या मालावर 1,150 मिळतील आणि मजुरीच्या मालावर तितकेच, सुमारे 1,200, खिशातून जातील.

आयोजकाला एक गोष्ट आधी विचारा: 27,000वर जीएसटी वेगळा आहे का? तो नोंदणीकृत असेल तर 18 टक्के लागून 31,860 होतील आणि नोंदणी नसताना तुम्हाला ते परत मिळत नाहीत. तुमची स्वतःची नोंदणी लागत नाही. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे. मग विचारा, त्याच हॉलमध्ये क्रोशाची टेबलं किती देणार. पाच असतील तर गिऱ्हाईक भाव पाडून घेतं. टेबल दारापाशी की आत कोपऱ्यात, दिवा आणि प्लग भाड्यात आहे का, आणि प्रदर्शन रद्द झालं तर पैसे परत की पुढची तारीख, हे पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर आगाऊ 27,000 देऊच नका.

यंदा तुम्ही गणपतीआधीचं आणि दिवाळीआधीचं, अशी दोनच घ्या. दोन्हींचं भाडं 11,000, वरखर्च 2,400 आणि नवा धागा जास्तीत जास्त 5,000चा. मिळून 18,400, बचत खात्यातून. गेल्या वर्षी या दोन वेळी 33,600 विकलं होतं. यंदा 30 टक्के कमी झालं तरी 23,500 येतात आणि घातलेले पैसे परत मिळतात. धाग्याला एवढी कमी मर्यादा घालतोय, कारण पहिला ढीग आधी टेबलावर जायला हवा. साधारण अपेक्षित विक्रीच्या दुप्पट माल नेला तर टेबल भरलेलं दिसतं. त्यातला बराच तुमच्याकडे आहे. 5,000च्या धाग्यातून 20,000च्या किमतीचा आणखी होईल.

दुसरा ढीग पूर्ण किमतीच्या मालाशेजारी मांडू नका, तसं केलं की तोरणाचाही भाव विचारला जातो. टोपडं-मोजे-खुळखुळा असा संच करून, जिथे बाळंतविडा मागणारे येतात अशा थंडीतल्या एखाद्या छोट्या सोसायटीच्या बाजारात न्या.

आणि टेबलाखाली एक वही ठेवा. प्रत्येक प्रकाराचे किती नग नेले, किती गेले, आणि किती जणींनी हातात घेऊन परत ठेवले. तिसरा रकाना चुकवू नका: हातात घेऊन परत ठेवलं तर बहुधा किंमत नडते, हातच लावला नाही तर रंग किंवा वस्तूच नको असते. जो प्रकार दोन्ही प्रदर्शनांत रविवारी दुपारपर्यंत संपेल, तेवढाच दुसऱ्या हाताला विणायला द्या, एका वेळी दहा नग. दोघींना एकदम काम देण्याचा विचार दिवाळीची वही बघून जानेवारीत करा. ऑक्टोबरची तीनशे रुपयांची विक्रीसुद्धा तिच्यात लिहिलेली असू दे.